पीएच ७ मध्ये अचूक दाखवून विकलेला जुना प्रोब

कोल्हापुरात घराच्या गच्चीवर मी ४० लिटरच्या टाकीवर लेट्यूसची छोटी हायड्रोपोनिक मांडणी केली आहे. तिच्यासाठी शहरातील एका विक्रेत्याकडून पीएच प्रोब, विद्युतवाहकतेवरून पाण्यातील क्षारांचे प्रमाण दाखवणारा ईसी प्रोब, कंट्रोलर आणि आम्ल व पोषकद्रव्ये सोडणारे पेरिस्टाल्टिक पंप असा संच नवा म्हणून विकत घेतला. दुकानात त्याने पीएच प्रोब ७ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच आधीच पक्का ठाऊक असलेल्या द्रावणात, बुडवला, बोर्डावरचा छोटा स्क्रू किंचित फिरवला आणि आकडा ७.०० वर आल्यावर म्हणाला, "बघा साहेब, कॅलिब्रेशन झालं." मी त्यावर विश्वास ठेवला, हीच माझी चूक.

कंट्रोलरवर मी पीएच ६.० ठरवून दिला होता. तिसऱ्या आठवड्यात मुळांची टोके तपकिरी पडून आखूड राहू लागली आणि कोवळ्या पानांच्या कडा करपल्या. पडद्यावर मात्र पीएच ६.० आणि ईसी १.४ असे निर्दोष आकडे होते. ईसी प्रोब १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात बरोबर उतरल्यामुळे पीएचवर संशय घ्यायला मला आणखी काही दिवस लागले. अखेर साध्या पीएच पट्टीने टाकीतले पाणी तपासले, तर रंग ५ च्या आसपासचा आला.

मग ताजे बफर आणून पाहिले. सातच्या बफरमध्ये ७.०० आणि चारच्या बफरमध्ये ५.५! चांगला काचेचा प्रोब २५ अंश तापमानाला प्रत्येक पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक देतो, म्हणजे पीएच ४ ला साधारण १७७ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. मित्राच्या प्रयोगशाळेतील मीटरवर माझ्या प्रोबने ८८ दाखवले. सात या बिंदूवर प्रोबचा व्होल्टेज शून्याजवळ असतो, त्यामुळे त्याची संवेदनक्षमता निम्मी झाली असली तरी तिथे ते कळत नाही, आणि उरलेला फरक स्क्रू झाकून टाकतो. सातपासून एक अंक खाली आल्याचे कंट्रोलरला दिसायला खरा पीएच दोन अंक उतरावा लागत होता. म्हणून पडदा ६.० दाखवेपर्यंत पंप आम्ल सोडत राहिला आणि रोपे प्रत्यक्षात ५.० मध्ये वाढत होती. पंपाने आपले काम चोख केले. त्याला मिळणारी माहितीच खोटी होती.

प्रोब नीट न्याहाळला तेव्हा काचेच्या गोळ्याशेजारचा सच्छिद्र भाग पिवळट पडलेला आणि टोपी कोरडी आढळली. न वापरलेल्या प्रोबचा हा भाग स्वच्छ असतो आणि टोपीत पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण असते. विक्रेत्याने "प्रोब ही झिजणारी वस्तू आहे, त्याला वॉरंटी नसते" एवढेच उत्तर दिले आणि पैसे परत केले नाहीत.

दुसरा प्रोब मी दुकानातच पीएच ७ आणि ४ अशा दोन्ही बफरमध्ये, मधे स्क्रूला हात न लावता, बुडवून पाहिला, चारमध्ये ४.०५ आकडा आल्यावरच पैसे दिले.