गेमचे पैसे सिमवर: प्रीपेड, पोस्टपेड की सरळ यूपीआय?

प्ले स्टोअरवर गेममधली नाणी घेताना यूपीआय आणि कार्डाच्या यादीत कधीकधी आपल्या सिमकंपनीचं नावही दिसतं. ते निवडलं की पैसे बँकेतून न जाता प्रीपेडच्या मेन बॅलन्समधून कापले जातात किंवा पोस्टपेडच्या बिलात चढतात. भारतात प्ले स्टोअरवर ही सोय 2016 मध्ये आयडियाच्या ग्राहकांपासून सुरू झाली. मुलाच्या फोनमध्ये कुठलं सिम ठेवायचं आणि ही सोय ठेवायची का, हे ठरवण्याआधी हिशेब मांडून बघा.

समजा 79 रुपयांची खरेदी आहे. यूपीआयने 79च जातात. प्रीपेडवर मात्र अनलिमिटेड पॅकसाठी भरलेले पैसे कामाला येत नाहीत, मेन बॅलन्स लागतो आणि बहुतेकांचा तो शून्याच्या आसपास असतो. म्हणून टॉपअप मारावा लागतो. 100 रुपयांच्या टॉपअपवर जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वजा जाऊन साधारण 81.75 रुपये हाती येतात. म्हणजे 79च्या वस्तूसाठी खिशातून 100 गेले आणि बॅलन्समध्ये पावणेतीन रुपये उरले. पोस्टपेडवर टॉपअपची ही कात्री नाही, रक्कम थेट बिलात लागते.

किमतीत पोस्टपेड सरस, पण धोक्याचं गणित नेमकं उलटं आहे. प्रीपेडमध्ये नुकसान बॅलन्सपुरतंच होतं आणि बॅलन्स संपला की खरेदी अडते. पोस्टपेडमध्ये असा बांध समोर दिसत नाही. मुलाने 3 तारखेला खरेदी केली, तर पावती जाते त्याच्या गुगल खात्याच्या ईमेलवर. फॅमिली प्लॅनचं बिल वडिलांच्या नावावर येतं पुढच्या महिन्यात. तोवर गुगलकडे सहज रिफंड मागायची 48 तासांची मुदत उलटलेली असते आणि मग गेम बनवणाऱ्याकडे जावं लागतं. तुम्ही किंवा ओळखीतल्या कुणीही न केलेल्या खरेदीची तक्रार 120 दिवसांपर्यंत करता येते, पण घरच्या मुलाने केलेली खरेदी त्यात बसत नाही. रिफंड मंजूर झाला तरी पोस्टपेडवर तो दिसायला एकदोन बिलं जाऊ शकतात.

म्हणून आमचं मत सरळ आहे: मुलाच्या फोनमध्ये प्रीपेड सिम, मेन बॅलन्स शून्य, आणि खरेदी करायचीच तर मोठ्यांनी यूपीआयने.

आता बंद कसं करायचं. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून `Payments & subscriptions` आणि मग `Payment methods` उघडा. सिमकंपनीचं बिलिंग जोडलेलं असेल तर `More payment settings` मधून ते काढा. सबस्क्रिप्शन चालू असेल तर आधी ते रद्द करा. गेम अनइन्स्टॉल केल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही, ही चूक फार जण करतात.

एवढ्यावर थांबू नका. काढलेला पर्याय यादीत पुन्हा जोडण्यासाठी तसाच उभा असतो आणि मूल तो परत चालू करू शकतं. म्हणून `Settings` मध्ये `Purchase verification` शोधा आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं ठेवा. हे सेटिंग त्या एका फोनपुरतंच असतं. आणि मुलाचं बोट फोनमध्ये नोंदवलेलं असेल किंवा खात्याचा पासवर्ड त्याला ठाऊक असेल, तर हे कुलूप किल्लीसकट त्याच्याच हाती दिल्यासारखं होतं. मुलाचं स्वतःचं खातं असेल तर गुगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या अ‍ॅपमध्ये `All content` साठी मंजुरी सक्तीची करा. ही मंजुरी गुगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या खरेदीलाच लागू होते.

प्ले स्टोअरबाहेरची कापाकापी वेगळी. जाहिरातीवर टॅप केल्यावर सुरू होणारी गेमपॅक, ज्योतिष, कॉलरट्यून ही सिमकंपनीची मूल्यवर्धित सेवा, म्हणजे व्हॅस. ट्रायच्या 2013च्या आदेशानुसार ती सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. ती बंद करायला 155223 या टोल-फ्री क्रमांकावर पुढचा एसएमएस पाठवा आणि उत्तरात येईल तसं पुढे जा:

```
STOP
```

हा एसएमएस प्ले स्टोअरच्या बिलिंगला हात लावत नाही. उलट प्ले स्टोअरमधली कुलपं व्हॅसला अडवत नाहीत. त्यामुळे बॅलन्स कापला गेला की आधी प्ले स्टोअरची ऑर्डर हिस्टरी बघा. तिथे ती रक्कम नसेल तर व्हॅसचा संशय घ्यायचा.

दोन्हीकडे सुटत नसेल तर 198 वर तक्रार नोंदवा, सिमवरून अ‍ॅप खरेदीचं बिलिंग कंपनीच्या बाजूनेच बंद करता येतं का ते विचारा आणि डॉकेट क्रमांक लिहून घ्या. समाधान झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांत जाता येतं आणि तिथे हाच क्रमांक मागतात.