विवाहपूर्व करार: मालमत्तेचं कलम टिकतं, मुलांचं का नाही?

करारातली सगळी कलमं कोर्ट एकाच तराजूत तोलत नाही. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा 2010 चा रॅडमाकर खटला बघा. 1998 मध्ये लग्नाआधी जर्मनीत करार झाला होता: एकमेकांच्या संपत्तीवर कुणीही हक्क सांगायचा नाही. पत्नी गर्भश्रीमंत. घटस्फोटात पतीला हायकोर्टाने 55 लाख पौंडांहून अधिक दिले होते.

सुप्रीम कोर्टाने मात्र कराराला निर्णायक वजन दिलं. पतीने स्वतंत्र वकील घेतला नव्हता, पण तो बँकिंगमधला माणूस होता, काय सोडतोय हे त्याला कळत होतं. सही राजीखुशीने आणि समजून झालेली, शिवाय परिणाम अन्याय्य नसेल, तर तिथे मालमत्तेचं कलम सहसा टिकतं.

मुलांचं तसं नाही. याच खटल्यात दोन मुलींचा बाप म्हणून पतीला त्या मोठ्या होईपर्यंत घराची सोय मिळाली. पोटगी आणि ताबा हा मुलांचा हक्क आहे, आईबापांनी आधीच सही करून तो सोडता येत नाही. ‘मुलांचा खर्च मागणार नाही’ असं लिहिलेलं कलम कोर्ट सरळ बाजूला ठेवतं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. घरकाम किंवा जोडीदाराच्या शरीराच्या वजनावरच्या अटींचंही बहुधा तेच होतं.