रोज दिसणाऱ्या व्यक्तीशी पहिल्यांदा बोलायचं: प्रश्न विचारून की थेट ओळख करून?

क्लासमध्ये किंवा अभ्यासिकेत एक चेहरा रोज दिसतो. नजरानजर होते, पण नाव माहीत नसतं. स्टॅन्ली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये अशा ओळखीच्या अनोळखी माणसांबद्दल लिहिलं. त्याचं एक निरीक्षण इथे कामाचं आहे: रोजच्या जागेपेक्षा वेगळ्या ठिकाणी गाठ पडली, की अशी माणसं एकमेकांशी सहज बोलतात. रोजच्या जागी न बोलण्याचीच सवय झालेली असते.

क्लासमध्ये मी अभ्यासाचा प्रश्न निवडेन. तास संपला, सगळे वह्या बॅगेत भरतायत, तेव्हा विचारा, "शेवटच्या गणितात सरांनी दोन्ही बाजूंचा वर्ग का केला, तुला कळलं का?" समोरच्याला उत्तर द्यायला सोपं जातं आणि नको असेल तर "नाही गं" म्हणून निघताही येतं. प्रश्न मात्र खरोखर अडलेलाच हवा, कारण खोटा प्रश्न पुढच्याच वाक्यात उघडा पडतो. या पर्यायाची खरी अडचण वेगळी आहे. उत्तर मिळालं की बोलणं तिथेच संपतं, आणि असं चार वेळा झालं की तुम्ही फक्त शंका विचारणारे ठरता. म्हणून उत्तर ऐकल्यावर लगेच जोडा, "आत्ता डोक्यात शिरलं. मी मागच्या बाकावर असते, माझं नाव मेघना." नाव पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. महिनाभराने सांगायला फार अवघड जातं.

अभ्यासिकेत हा मार्ग चालत नाही. तिथे प्रत्येकाचा विषय वेगळा, आणि टेबलाशी जाऊन कुजबुजलं तर आजूबाजूचे चौघे माना वर करतात. ज्याच्याशी बोलायचं तोच अवघडतो. तिथे थेट ओळख बरी, पण टेबलापाशी नको. पाण्याची बाटली भरताना किंवा दाराबाहेर चपला घालताना म्हणा, "तुम्ही रोज खिडकीजवळ बसता ना? मीही रोज येतो, म्हटलं एकदा ओळख करून घ्यावी. कसला अभ्यास चाललाय?" रोज दिसता हे सरळ सांगितलं की दोघांच्या मनातलं अवघडलेपण जातं. थांबायचं मात्र दारापर्यंतच. बाहेर पडून मागोमाग रस्त्यापर्यंत गेलात तर समोरच्याला पाठलाग वाटेल, विशेषतः संध्याकाळी आणि समोर मुलगी असेल तर.

पुढे बोलायचं की नाही, हे उलट प्रश्न येतो का यावरून ठरवा. "एमपीएससी. तुमचं?" असं आलं तर दोन मिनिटं बोला आणि आपणच आधी निघा. नुसतं "हो, अभ्यास" आणि नजर मोबाईलकडे, तर "बरं, चालू द्या" म्हणून बाजूला व्हा. तो दिवस वाईट असू शकतो, म्हणून आणखी एकदा, काही दिवसांनी, बोलून बघायला हरकत नाही. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर नुसती मान हलवून पुढे जायचं, आणि जागा बदलून त्यांच्या शेजारी बसायला जायचं नाही.