किलोला ९ रुपये स्वस्त कास्टिंग आम्हाला कसं महागात पडलं

गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये मी परचेस बघतो. गेल्या वर्षी एका ब्रॅकेटच्या ४०० नगांत एका फौंड्रीने आम्हाला व्यवस्थित चुना लावला. त्यात एकही बिल खोटं नव्हतं, वजनकाट्यातही खोट नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कास्टिंग घेणाऱ्यांनी आपली एन्क्वायरी एकदा काढून पाहावी.

ब्रॅकेट साधंच. वर-खाली ३०० बाय २०० मिमीचे दोन फ्लँज, मध्ये उभी रिब, दोन्ही फेस मशीन करायचे. ड्रॉइंगवर रफ कास्टिंगचं वजन १२ किलो. आमची एन्क्वायरी वर्षानुवर्षं चालत आलेल्या नमुन्याची होती: "सोबतच्या ड्रॉइंगप्रमाणे सी.आय. कास्टिंग, उत्तम दर्जा, ४०० नग, आपला कमीत कमी दर कळवावा." तीन फौंड्र्यांना गेली, तिघांची उत्तरं आली. पहिल्याचा दर किलोला ११८, दुसऱ्याचा १०९, तिसऱ्याने मात्र नगाला १,४८० लिहून पाठवले. मालकांनी १२ ने गुणलं. १,४१६, १,३०८ आणि १,४८०. ऑर्डर दुसऱ्याला गेली.

सॅम्पल आलं ते १२.१ किलो. मापं बरोबर, मशीनला छान चाललं, पास केलं. ज्याच्यावरून वाळूचा साचा पाडतात त्या लकडी पॅटर्नचे पैसे आम्ही वेगळे दिले होते.

लॉट सुरू झाल्यावर पहिली तक्रार आली ती आमच्या मिलिंगवाल्याकडून. "साहेब, ह्यो पीस दोन कटात बसंना झालाय, तिसरा कट घ्यायला लागतोय." त्याला वाटलं पोरं सेटिंग चुकवतायत. मी चलनं काढली. १०० नगांचं चलन, वजन १,३७० किलो. म्हणजे नगाला १३.७. अकाउंटवाले किलो गुणिले दर तपासत होते आणि तो हिशोब दर वेळी जुळत होता. नग आणि किलो एकमेकांशी लावून बघायचं काम कुणाचंच नव्हतं.

नगाला १.७ किलो जादा कुठून आले, हे कागदावरच निघतं. ३० बाय २० सेमीच्या फेसवर फक्त २ मिमी मटेरियल जास्त ठेवलं की १२० घनसेमी होतात. कास्ट आयर्नचं घनसेमीला ७.२ ग्रॅम धरलं तर ८६४ ग्रॅम. फेस दोन, म्हणजे जवळपास पावणेदोन किलो. ड्रॉइंगवर फेसला मशीनिंगची खूण होती, पण कापण्यासाठी जादा ठेवायचं मटेरियल, म्हणजे अलाउन्स, किती ते लिहिलेलं नव्हतं. सॅम्पलला ३ मिमी होता, लॉटला ५.

फौंड्रीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, वरच्या फेसला ब्लो होल येतात, मटेरियल जास्त ठेवायलाच लागतं." हे अर्धं खरं आहे, आणि असं अर्धं खरंच माणसाला गप्प करतं. साच्यात गॅस आणि मळी वर चढते, त्यामुळे ओतताना जो फेस वर असतो त्याला अलाउन्स थोडा जास्त देतातच. पण खालच्या फेसला तो वाढवायचं काय कारण? शिवाय साचा सैल ठोकला तर धातूच्या दाबाने वाळू मागे सरते आणि कास्टिंग फुगतं, वजन वाढतं. ते मात्र नगागणिक कमी-जास्त होतं. आमचे नग १३.६ ते १३.८ च्या आतच होते. इतकं एकसारखं जादा वजन वाळूतून येत नाही, पॅटर्नमधून येतं. ऑर्डर संपल्यावर भांडून पॅटर्न परत आणला, तेव्हा दोन्ही फेसवर पातळ प्लाय खिळ्यांनी ठोकून वर लाल रंग मारलेला सापडला. नखाने कड उचलली तर खाली जुना रंग तसाच.

१३.७ गुणिले १०९ म्हणजे नगाला १,४९३. सगळ्यात "महाग" वाटलेल्या तिसऱ्यापेक्षाही १३ रुपये वर. ठरवलेल्या १,३०८ च्या तुलनेत ४०० नगांना ७४ हजार गेले. ते जादा लोखंड आम्हीच मशीनवर कापलं, टूल झिजवलं आणि बोरिंग म्हणून भंगारात दिलं, त्याचे खरेदीच्या एक तृतीयांशही आले नाहीत. वकिलाने ऑर्डर वाचून विचारलं, "यात वजन कुठं लिहिलंय?" विषय संपला.

नंतर तिन्ही कोटेशनं शेजारी ठेवून वाचली, तेव्हा दिसलं की तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचा दर दिला होता. सी.आय. म्हणजे कुठलं? पहिल्याने एफजी २६० धरलं होतं, दुसऱ्याने एफजी २००. आयएस २१० मध्ये हा आकडा म्हणजे वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारची किमान ताणशक्ती, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये. वरची ग्रेड गाठायला चार्ज आणि केमिस्ट्री सांभाळावी लागते, त्याचा खर्च दरात येतोच. तिसऱ्याच्या १,४८० मध्ये शॉट ब्लास्टिंग, रेड ऑक्साइडचा एक हात आणि आमच्या दारात पोच होती. पहिल्याचा दर फौंड्रीच्या दारातला.

पुढच्या लॉटला मी एन्क्वायरी नव्याने लिहिली. मजकूर असा: "ड्रॉइंग नंबर अमुक, रिव्हिजन दोन. मटेरियल एफजी २६०, आयएस २१० प्रमाणे, टेस्ट बार त्याच हीटचा, सर्टिफिकेटवर आणि कास्टिंगवर हीट नंबर एकच. अलाउन्स खालच्या फेसला ३ मिमी, वरच्या फेसला ४ मिमी. वजन १२.४ किलो, नगाला १२.७ च्या वरच्या वजनाचे पैसे दिले जाणार नाहीत. शॉट ब्लास्ट व प्राइमरसह, गोकुळ शिरगाव पोच. सॅम्पलनंतर पॅटर्नमध्ये लेखी परवानगीशिवाय बदल नाही." वरच्या फेसचा तो एक मिलिमीटर मी मुद्दाम मान्य केला. खरी अडचण आहे ती लिहून टाकली की मग तिची ढाल करता येत नाही.

खाली कोरा तक्ता जोडला, उत्तर त्यातच भरायचं: किलोचा दर, हमी वजन, त्यावरून नगाचा दर, जीएसटी वेगळा, पेमेंट किती दिवसांत, दर किती दिवस टिकेल, आणि शेवटी "कुठली अट मान्य नाही". हा शेवटचा रकाना फार कामाचा. नाहीतर लोक सगळं मान्य म्हणतात आणि लॉट आल्यावर बोलायला लागतात. एकाने फोनवर विचारलं की प्राइमर किती मायक्रॉन, तर उत्तर त्याला एकट्याला न देता सगळ्यांना मेलने पाठवलं. नाहीतर पुन्हा प्रत्येकजण वेगळीच वस्तू मोजत बसतो.

या वेळी पहिल्याची बेरीज पोच-प्राइमर धरून नगाला १,५०६ झाली, तिसऱ्याची १,५१०. पण पहिल्याचं पेमेंट ३० दिवसांत, तिसऱ्याचं ४५. आमच्या बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज महिन्याला साधारण एक टक्का धरलं तर १५ दिवसांचे साडेसात रुपये होतात, म्हणजे तिसरा स्वस्त. दुसऱ्यालाही एन्क्वायरी पाठवली होती, मालक नको म्हणत असताना. दर तोच १०९ आला, हमी वजनाचा रकाना रिकामा. त्याला बाजूला काढायला चर्चाच लागली नाही.

एक गोष्ट मात्र या कागदाने साधली नाही. मशीनिंगनंतर आतून ब्लो होल निघालं तर कास्टिंग बदलून द्यायला सगळे तयार आहेत, आमचा मशीनिंगचा खर्च भरायला कुणीच नाही. तिसऱ्याने त्या रकान्यात तसं सरळ लिहून दिलं. आम्ही शंभरी दोन नग रिजेक्ट धरून तो खर्च आमच्या किमतीत घेतला आणि ऑर्डर त्याला दिली.