अमेरिशियम जाळायचं कुठे: वेगवान अणुभट्टीत की प्रवेगकाच्या जोरावर?

अणुभट्टीत वापरलेल्या इंधनातल्या किरणोत्सारी अमेरिशियम-241 चं अर्धायुष्य 432 वर्षं. त्याचं विखंडन केलं, की उरणारे बहुतेक तुकडे काही शतकांत निवतात. हे काम वेगवान न्यूट्रॉनवर चालणारी, म्हणजे वेगवान अणुभट्टीही करते; प्रश्न लगामाचा आहे. ती ताब्यात राहते ती मुख्यतः उशिरा निघणाऱ्या मोजक्या न्यूट्रॉनमुळे. युरेनियम-235 मध्ये ते एकूण न्यूट्रॉनच्या सुमारे 0.65 टक्के, अमेरिशियममध्ये जेमतेम 0.13. म्हणून इंधनात अमेरिशियम काही टक्क्यांपुरतंच ठेवावं लागतं.

उपक्रांतिक संचात साखळी स्वतःच्या बळावर टिकत नाही; प्रवेगकातला प्रोटॉनचा झोत जड धातूवर आपटून तिला बाहेरून न्यूट्रॉन पुरवतो. म्हणून या संचाला त्या लगामावर विसंबावं लागत नाही. गुणक, म्हणजे एका न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत येणारे न्यूट्रॉन, 0.95 ठेवला, तर बाहेरून आलेल्या एका न्यूट्रॉनमागे साखळीत एकूण 20 होतात आणि ती विझते. गुणक चुकून 0.97 झाला तरी 33. शक्ती वाढते, पण उधळत नाही. त्यामुळे अमेरिशियम सढळ हाताने भरता येतं.

गोम आहे प्रवेगकात. प्रोटॉनचा झोत तुटला की शक्ती क्षणात कोसळते आणि इंधननळ्यांना तापमानाचे हिसके बसतात. बेल्जियममधल्या मिर्रा प्रकल्पाची अट म्हणूनच कडक: 3 सेकंदांहून लांब खंड 3 महिन्यांत 10 च्या आत. झोतासाठी वीज लागते ती वेगळीच. माझ्या मते, सगळं अमेरिशियम एकाच जागी जाळायचं असेल, तरच हा खटाटोप परवडतो.