रॉयल्टीचं सॉफ्टवेअर, आठ महिन्यांनंतर: सहा हजारांचा घोळ

बिलं, स्टॉक, दुकानदारांची उधारी हे सगळं यात व्यवस्थित चालतं. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मी लिहितोय ते फक्त शॉर्ट वर्किंगच्या रकान्याबद्दल, कारण त्यापायी एका लेखकाचे पैसे माझ्याकडे अडकले.

सीताबर्डीत आमचं छोटं प्रकाशन आहे. या लेखकांशी करार असा: प्रतीमागे 20 रुपये रॉयल्टी, पण विक्री कितीही होवो, वर्षाला किमान 40,000 द्यायचेच. रॉयल्टी त्याहून जितकी कमी भरेल ती शॉर्ट वर्किंग. ती पुढच्या दोन वर्षांत, रॉयल्टी 40,000 च्या वर गेली तरच, वरच्या रकमेतून कापून घ्यायची. त्यानंतर तो हक्क संपतो.

2021-22 मध्ये 1,200 प्रती गेल्या. रॉयल्टी 24,000, म्हणजे 16,000 कमी. पुढच्या वर्षी 1,700 प्रती, 6,000 कमी. 2023-24 मध्ये 2,500 प्रती खपल्या, रॉयल्टी 50,000 झाली. वरचे 10,000 पहिल्या वर्षाच्या 16,000 मधून वसूल झाले. त्यातल्या उरलेल्या 6,000 ची मुदत तिथेच संपली. आमच्या मुनीमजींनी जुन्या वहीत ते लाल शाईने नफा-तोटा खात्यात टाकलेही होते.

सॉफ्टवेअर घेतल्यावर ही तिन्ही वर्षं मी त्यात भरली. त्याने सगळी शॉर्ट वर्किंग एकाच ढिगात ठेवली आणि 12,000 पुढे ओढले. 2024-25 ची रॉयल्टी आली 52,000. त्याने वरचे 12,000 पूर्ण कापून लेखकांना 40,000 दाखवले. त्यांचा फोन आला, "अहो, पहिल्या वर्षाचं तर संपलं होतं ना जी?" वही उघडली, तर त्यांचं बरोबर होतं. कापायचे होते फक्त दुसऱ्या वर्षाचे 6,000, द्यायचे होते 46,000.

सर्व्हिसवाल्याने तीनदा सांगितलं, "बेरीज बरोबर आहे." बेरीज बरोबरच होती हो, मुदत चुकली होती! या रागात मी एक तारा देणार होतो.

नंतर सेटिंगमध्ये मुदतीचा पर्याय सापडला, म्हणून मत थोडं बदललं. पण तो "करारापासून पहिली तीन वर्षं" एवढाच आहे. तो लावला की दुसऱ्या वर्षाचे 6,000 सुद्धा मार्च 2024 लाच बुडतात आणि फटका मला बसतो. ज्यांच्या करारात अशी ठरावीक मुदत आहे, त्यांना तो अगदी योग्य चालेल. माझ्यासारखी दर वर्षाची स्वतंत्र मुदत असेल, तर नाही.

सध्या दर वर्षाच्या शॉर्ट वर्किंगचं वेगळं खातं उघडलंय, नावातच शेवटची तारीख टाकून: "शॉर्ट वर्किंग 2022-23, मार्च 2025 पर्यंत". वळती आधी सगळ्यात जुन्या खात्यातून करतो, आणि 31 मार्चला मुदत संपलेल्या खात्यात काही उरलं तर हाताने नफा-तोट्यात नेतो. हेच करायचं, तर रॉयल्टीच्या भागाचे दरवर्षी वेगळे पैसे कशाला भरू? यंदा तेवढा भाग बंद केला. लेखकांना उरलेले 6,000 हिशोबाच्या कागदासह पोचते केले.