लंगरची सेवा आणि अन्नदानाची देणगी

गोव्यातल्या बेतीच्या गुरुद्वारात लंगरसाठी पिठाडाळीचे पैसे देणारा आणि तिथेच भांडी घासणारा, दोघांमुळेही लोक जेवतात. नुसत्या देणगीत मात्र पावतीवर नाव येते, देणारा निघून जातो आणि जेवणाऱ्याशी त्याची गाठही पडत नाही. सेवेत पैसेवालाही डोके झाकून त्याच पंगतीत जमिनीवर बसतो आणि नंतर अनोळखी माणसाची उष्टी थाळी उचलतो. शीख परंपरा तन, मन, धन अशी तिन्ही सेवा मानते, उत्पन्नाचा दहावा भाग म्हणजे दसवंध देण्याची रीतही पाळते, त्यामुळे पैसा सेवेबाहेरचा ठरत नाही. सेवा कुठली आणि नुसती देणगी कुठली, हे ठरवायची माझी कसोटी वेगळी आहे: आज जेवलेला माणूस पुढच्या पंगतीला वाढायला उभा राहू शकतो का? आमच्या देवळांतल्या महाप्रसादालाही ती लावावी. वाढपी सगळे पगारी असतील, तर यजमानाने दिलेली ती देणगीच.